३० आठवड्यांची मुलगी: वाढीच्या तक्त्यावर कोणतं वय मांडायचं आणि कधीपर्यंत

प्रश्न: "आमची मुलगी ९ जानेवारी २०२५ ला झाली, बरोबर दहा आठवडे आधी. डॉक्टरांनी दिलेली तारीख २० मार्च होती. जन्माचं वजन १.२५ किलो, २० मार्चला २.३ किलो. काल ९ जुलैला सहा महिने पूर्ण झाले, वजन ५.२ किलो, लांबी ५८ सेंमी. अंगणवाडीच्या ताईंनी कार्डावर ठिपका दिला तर तो पिवळ्या पट्ट्याच्या तळाला आला, आणि उंचीत 'तीव्र खुजी' आलं. बाळाचे डॉक्टर म्हणतात छान वाढतेय. सासूबाई म्हणतात उष्टावण करून टाकू, अंगानं भरेल. खरं कुणाचं धरायचं? आणि हे आठवडे वजा करणं किती दिवस चालवायचं? – जुळे सोलापूर"

ताई, वजन दोघांनीही एकच धरलंय. फरक आहे तो ठिपका कोणत्या वयावर ठेवला याचा. अंगणवाडीत तो सहा महिन्यांवर ठेवला गेला, डॉक्टरांनी साडेतीन-पावणेचार महिन्यांवर. तुमच्या मुलीसाठी आज डॉक्टरांची जागा बरोबर आहे. ती का बरोबर, हे आकड्यांनिशी पाहू, कारण तेच कळलं की वजाबाकी कधी थांबवायची याचं उत्तरही त्यातूनच निघतं.

वाढीचा जो तक्ता आपण वापरतो, म्हणजे माता-बाल संरक्षण कार्डावरचा डब्ल्यूएचओचा तक्ता, तो पूर्ण दिवसांच्या बाळांवरून बनवलेला आहे. त्यातला शून्य महिना म्हणजे साधारण चाळीस आठवडे पोटात वाढून आलेलं मूल. तुमची मुलगी ९ जानेवारीला तीस आठवड्यांची होती. २० मार्चपर्यंतचे ७० दिवस ती बाहेर असली तरी तिचं शरीर पोटातल्या शेवटच्या दहा आठवड्यांचं काम करत होतं. म्हणून तिचा शून्य महिना २० मार्च. त्या दिवसापासून मोजलेलं वय म्हणजे करेक्टेड वय.

ते काढायची सगळ्यात कमी चुकणारी रीत म्हणजे आठवड्यांची वजाबाकी करत न बसता डिलिव्हरीची दिलेली तारीख हीच तक्त्यापुरती जन्मतारीख धरणं. २० मार्च ते २० जून तीन महिने, पुढे ९ जुलैपर्यंत १९ दिवस. झाले ३ महिने १९ दिवस, म्हणजे साधारण ३.६ महिने. आठवड्यांनी करायला गेलं की दोन ठिकाणी घसरायला होतं. एक, चार आठवड्यांचा एक महिना धरून दहा आठवड्यांचे अडीच महिने केले जातात. महिना सरासरी ४.३५ आठवड्यांचा असल्यामुळे ते खरे २.३ महिने होतात. दुसरं, "३७ आठवड्यांना बाळ पूर्ण दिवसांचं" हे ऐकलेलं असतं म्हणून काही जण ३७ मधून वजा करतात. ३७ ही मुदतपूर्व कुणाला म्हणायचं याची सीमा आहे. वजाबाकी मात्र नेहमी ४० मधून.

दिलेली तारीख कुठून आली हेही एकदा पाहून घ्या. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरची तारीख सगळ्यात भरवशाची. पाळीच्या तारखेवरून काढलेली असेल आणि पाळी अनियमित असेल, तर दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होऊ शकतात. "सातव्या महिन्यात झालं" एवढ्या माहितीवर तर काहीच मांडता येत नाही, कारण त्यात २८ आठवडेही बसतात आणि ३१ही. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर आठवडे आणि दिवस दोन्ही लिहिलेले असतील, ते जपून ठेवा.

आता ठिपका मांडू. मुलींच्या तक्त्यावर मधली रेषा असते आणि तिच्याखाली उणे १, उणे २, उणे ३ अशा रेषा. उणे २ च्या खाली गेलं की वजन कमी धरतात, उणे ३ च्या खाली तीव्र कमी. सहा महिन्यांच्या मुलीसाठी उणे २ ची रेषा ५.७ किलोवर आहे आणि उणे ३ ची ५.१ वर. ५.२ किलो म्हणजे उणे २.८, उणे ३ ला जवळपास टेकलेलं. म्हणून ठिपका पिवळ्याच्या तळाला आला. तेच ५.२ किलो ३.६ महिन्यांवर मांडलं तर तिथली मधली रेषा ६.२ च्या आसपास, उणे १ साधारण साडेपाच आणि उणे २ साधारण ४.८. तुमची मुलगी उणे १ आणि उणे २ च्या मधोमध, उणे १.४ वर येते. लांबीचंही तसंच: सहा महिन्यांना उणे ३ ची रेषा ५८.९ सेंमीवर असल्याने ५८ तिच्याही खाली जाते, पण ३.६ महिन्यांना उणे २ ची रेषा ५७ च्या आसपास आहे, म्हणून ५८ तिच्या वर बसते.

नुसता एक ठिपका मात्र फार काही सांगत नाही. २० मार्चला ती २.३ किलो होती. शून्य महिन्याच्या मुलीसाठी उणे २ ची रेषा २.४ वर आहे, म्हणजे त्या दिवशी ती तिच्या किंचित खाली होती. इतक्या आधी जन्मलेली बाळं दिलेल्या तारखेला बहुतेक वेळा अशीच थोडी मागे असतात. जन्मानंतरचे पहिले दिवस वजन उतरतं, दूध पूर्ण सुरू व्हायला वेळ लागतो, आजारपणं होतात. तिथून १११ दिवसांत तिने २.९ किलो मिळवले, दिवसाला साधारण २६ ग्रॅम. मधल्या रेषेवरची पूर्ण दिवसांची मुलगी याच काळात ३ किलो मिळवते. म्हणजे ती जवळपास त्याच वेगाने चालली आहे आणि रेषांच्या भाषेत उणे २ च्या खालून उणे १.४ वर आली आहे. तुमचे डॉक्टर "छान" म्हणतात ते या चढत्या रेषेकडे बघून.

एक मोजणी अशी आहे जिच्यात वयाचा वादच नाही. वजन आणि लांबी एकमेकांच्या तुलनेत बघायचा तक्ता, म्हणजे लांबीनुसार वजन. ५८ सेंमीच्या मुलीसाठी मधली रेषा ५.४ किलो, उणे १ ची ४.९ आणि उणे २ ची ४.५. तुमची मुलगी ५.२ किलोवर मधल्या रेषेच्या जरा खाली आहे. ती रोड नाही, तिच्या लांबीला साजेसं वजन तिच्यावर आहे. तीव्र कुपोषण ठरवताना अंगणवाडीतही हाच तक्ता वापरतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाबद्दल घरात मतभेद असतील तेव्हा आधी हा तक्ता काढायचा, कारण त्यात जन्मतारीख लागतच नाही.

इथे अंगणवाडीच्या ताईंचा दोष नाही. नोंद जन्मतारखेवरून होते आणि ठिपका त्या वयावर पडतो. कृपा करून त्यांना जन्मतारीख बदलून टाका म्हणू नका. लसी, लाभ, दाखले सगळं त्याच तारखेवर चालतं. त्याऐवजी मुलींचा डब्ल्यूएचओचा तक्ता वेगळा छापून घ्या, वरच्या कोपऱ्यात "जन्म ९-१-२०२५, ३० आठवडे, तक्त्याची तारीख २०-३-२०२५" असं लिहा आणि प्रत्येक ठिपका त्यावर मांडा. तो कागद कार्डालाच टाचून ठेवला की ताई, आशाताई आणि डॉक्टर तिघांनाही एकच चित्र दिसतं. संगणकावर डब्ल्यूएचओ अँथ्रो वापरत असाल तर तिथे जन्मतारखेच्या जागी २० मार्च टाकला की करेक्टेड आकडे थेट मिळतात. फक्त ती नोंद वेगळ्या नावाने ठेवा, लसीकरणाच्या नोंदीत मिसळू देऊ नका.

लसी मात्र खऱ्या वयानेच द्यायच्या. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने हे ९ जानेवारीपासून मोजायचं, आणि गोवर-रुबेलाचा पहिला डोस तिच्या खऱ्या नवव्या महिन्यानंतर, म्हणजे ९ ऑक्टोबरनंतर. "बाळ लहान आहे, करेक्टेड वय भरू दे" म्हणून लसी पुढे ढकललेल्या दिसतात, ते टाळा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला याच संसर्गांचा धोका जास्त असतो.

उष्टावणाचं उलट आहे, ते करेक्टेड वयाने. सासूबाईंची काळजी खरी आहे, पण आज मुलगी साडेतीन-पावणेचार महिन्यांची आहे. मान सावरणं, आधाराने बसणं, जिभेने घास बाहेर न ढकलणं या गोष्टी अजून पुऱ्या झालेल्या नसतील. भारतातच ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही बाळांना करेक्टेड चार महिन्यांना वरचं अन्न सुरू केलं, काहींना सहा महिन्यांना. करेक्टेड एक वर्षाला दोन्ही गटांच्या वजनात फरक नव्हता, पण लवकर सुरू केलेल्या गटात दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचं प्रमाण जास्त निघालं. पाणीदार नाचणीची पेज किंवा डाळीचं पाणी हे आईच्या दुधापेक्षा पातळ पडतं, पोट मात्र भरतं, म्हणून लवकर उष्टावण केल्याने अंगानं भरण्याऐवजी वजन रेंगाळूही शकतं. तिचे करेक्टेड सहा महिने २० सप्टेंबरला भरतात. तोवर दूध, आणि डॉक्टरांनी दिलेले लोहाचे व ड जीवनसत्त्वाचे थेंब. उष्टावणाची वाटी, चमचा, नवा झबला सगळं होऊ दे, सप्टेंबरात.

आता यातला अवघड भाग. करेक्टेड वयाने न मांडल्याचा तोटा फक्त उगाच घाबरण्याचा नाही. खऱ्या वयाने मांडलेला ठिपका पुढे उलट दिशेनेही फसवतो आणि ते जास्त धोक्याचं आहे.

समजा पुढच्या ९ जानेवारीला, पहिल्या वाढदिवशी, तिचं वजन ६.८ किलो भरलं. एक वर्षाच्या मुलीसाठी उणे ३ ची रेषा ६.३ वर आणि उणे २ ची ७.० वर. म्हणजे खऱ्या वयाने ती उणे २.३ वर. सहा महिन्यांना उणे २.८ होती, आता उणे २.३. कार्ड बघणारा म्हणेल, सुधारतेय, चालू ठेवा. त्याच दिवशी तिचं करेक्टेड वय ९ महिने २० दिवस. तिथे ६.८ किलो म्हणजे उणे १.८. जुलैत उणे १.४ होती, आता उणे १.८. म्हणजे ती प्रत्यक्षात खाली घसरते आहे, वरच्या अन्नात काहीतरी कमी पडतंय, आणि खऱ्या वयाचा तक्ता त्याच घसरणीला सुधारणा म्हणून दाखवतोय.

हे घडतं कारण बाळ मोठं होत जातं तसा वाढीचा वेग उतरतो आणि दहा आठवड्यांची किंमत कमी होत जाते. सहा महिन्यांच्या आसपास दहा आठवड्यांत मधल्या रेषेवरची मुलगी १.१ किलो वाढते, आणि त्या वयात दोन रेषांमधलं अंतर पाऊण-एक किलोचं असतं. म्हणून दोन ठिपक्यांत जवळपास दीड रेषेचा फरक पडतो. वर्षाला तो अर्ध्या रेषेवर येतो. मूल करेक्टेड तक्त्यावर अगदी एकाच रेषेवरून सरळ चाललं असलं, तरी खऱ्या वयाच्या तक्त्यावर ते आपोआप वर चढताना दिसतं. ही चढण तक्त्यातून येते, मुलाच्या अंगातून नाही. म्हणून पहिल्या दोन वर्षांत वाढ सुधारतेय की नाही हा निर्णय फक्त करेक्टेड ठिपके एकमेकांना जोडून घ्यायचा. कधी खरं वय, कधी करेक्टेड असे मिसळलेले ठिपके एकाच रेषेने जोडले गेले असतील तर ती रेषा निरुपयोगी आहे. सगळे पुन्हा मांडा, जुन्या नोंदींत वजन आणि तारीख असतेच.

वजाबाकी कधी थांबवायची, हेही इथूनच कळतं. दोन ठिपक्यांमधला फरक इतका लहान झाला की त्याने निर्णय बदलत नाही, तेव्हा थांबायचं. तुमच्या मुलीचा दुसरा वाढदिवस घ्या, ९ जानेवारी २०२७. खरं वय २४ महिने, करेक्टेड २१ महिने २० दिवस. या दोन वयांमध्ये मुलींच्या मधल्या रेषेवरचं वजन साधारण अर्ध्या किलोने वेगळं असतं आणि तिथे दोन रेषांत सव्वा किलोचं अंतर असतं. फरक एक तृतीयांश रेषेच्या आसपास. डोक्याचा घेर तर ३-४ मिलिमीटरनेच वेगळा, पाव रेषेएवढा. लांबी मात्र २ सेंटिमीटरने वेगळी असते आणि दोन रेषांत ३ सेंटिमीटरच असतात, म्हणजे फरक अजून पाऊण रेषेच्या जवळ. तिन्ही मापांचा हिशोब एकाच वेळी मिटत नाही. जुन्या अभ्यासांतही हेच दिसलं होतं: डोक्याच्या घेराला दीड वर्षापर्यंत, वजनाला दोन वर्षांपर्यंत आणि लांबीला साडेतीन वर्षांपर्यंत करेक्शनने फरक पडतो.

व्यवहारात प्रत्येक मापाला वेगळी तारीख लावली तर गोंधळ होतो, म्हणून एकच नियम धरतात. ३२ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्यांना दोन वर्षांपर्यंत, ३२ ते ३६ आठवड्यांच्या बाळांना किमान एक वर्षापर्यंत. बरेच डॉक्टर सरसकट सगळ्यांना दोन वर्षं धरतात. ३६ आठवड्यांच्या बाळाला वर्षाला थांबवलं तर वजनात जेमतेम २०० ग्रॅमचा फरक पडतो, तिथे आग्रहाला अर्थ नाही. ३३-३४ आठवड्यांच्या बाळाला मी तरी दोन वर्षांपर्यंत चालू ठेवणं पसंत करते, कारण त्याने काही बिघडत नाही आणि वर्षाला थांबवल्याने उगाच एक पायरी तयार होते. २६-२७ आठवड्यांच्या बाळाचं गणित वेगळं. चौदा आठवडे आधी आलेल्या मुलीच्या लांबीत दुसऱ्या वाढदिवशी जवळपास एका रेषेचा आणि तिसऱ्यालाही अर्ध्या रेषेहून जास्त फरक उरतो. अशा मुलांची उंची तीन वर्षांपर्यंत करेक्टेड वयाने बघावी, वजन दोन वर्षांना सोडून दिलं तरी चालेल. तुमची मुलगी तीस आठवड्यांची, तेव्हा दोन वर्षं पुरेत. पण लांबी जर उणे २ च्या रेषेजवळ घोटाळत असेल तर तेवढ्या एका मापाला आणखी एक वर्ष द्या.

दुसऱ्या वाढदिवशी आणखी एक खड्डा आहे आणि त्यात बरेच जण पडतात. दोन वर्षांपर्यंत मुलाला निजवून लांबी मोजतात, दोन वर्षांपासून उभं करून उंची. तेच मूल उभं केल्यावर साधारण ०.७ सेंटिमीटरने कमी भरतं, आणि डब्ल्यूएचओचे तक्तेही तेवढेच खाली सरकवलेले आहेत. आता बघा एकाच दिवशी काय होऊ शकतं. समजा त्या दिवशी तुमची मुलगी निजवून ८०.५ सेंमी भरली. करेक्टेड २१.७ महिन्यांना हे साधारण उणे १.२, व्यवस्थित. वजाबाकी थांबवून २४ महिन्यांवर मांडलं की तीच लांबी उणे १.८ होते, कारण तिथे उणे २ ची रेषा ८०.० वर आहे. आता तिला उभं केलं, ७९.८ भरली, आणि हा आकडा चुकून लांबीच्याच तक्त्यावर ठेवला गेला, तर ती ८०.० च्या खाली जाऊन खुजी ठरते. मुलगी तीच, दिवस तोच. उंचीचा तक्ता घेतला असता तर उणे २ ची रेषा ७९.३ वर सापडली असती आणि ती रेषेच्या वरच राहिली असती.

यावर उपाय असा की बदलाच्या भेटीत दोन्ही ठिपके मांडायचे. त्या दिवशीचं वजन आणि लांबी करेक्टेड वयावरही ठेवा आणि खऱ्या वयावरही, शक्य तर निजवून आणि उभं करून दोन्ही मोजा, आणि शेजारी लिहा: "इथून करेक्शन बंद, माप उभ्याने." मागच्या ठिपक्यांशी तुलना फक्त करेक्टेड ठिपक्याची, पुढच्या ठिपक्यांशी फक्त नव्याची. दोन्हींना जोडणारी रेष काढू नका. जो उतार दिसतो तो तारखेचा आणि मापाच्या पद्धतीचा आहे. पुढे दोन-तीन महिन्यांनी खऱ्या वयावरचा दुसरा ठिपका आला की खरी दिशा कळेल.

तुमच्याकडे दवाखान्याची फाइल असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. दिलेल्या तारखेआधीचे ठिपके त्यात फेंटनच्या किंवा इंटरग्रोथच्या, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीच्या तक्त्यावर असतील, कारण डब्ल्यूएचओचा तक्ता ४० आठवड्यांच्या आधी सुरूच होत नाही. फेंटनचा तक्ता ५० आठवड्यांपर्यंत जातो, इंटरग्रोथचा ६४ पर्यंत, म्हणजे करेक्टेड साधारण साडेपाच महिन्यांपर्यंत. फेंटन ५० आठवड्यांना डब्ल्यूएचओशी जुळवलेला आहे, ४० ला नाही; म्हणून तुमच्या डॉक्टरांनी एक तक्ता सोडून दुसरा घेतला त्या भेटीत रेषेत थोडा फरक दिसला तर तो तक्त्याचा समजावा. एवढ्यावर चिंता करू नका.

हे सगळं वाचून "वजा केलं की सगळं ठीकच दिसतं" असं होऊ नये. करेक्शन फक्त वेळेचा फरक मिटवतं. बाळ पोटातच कमी वाढलेलं असेल, म्हणजे त्याच्या आठवड्यांच्या मानानेही वजन कमी असेल, तर ती उणीव वजाबाकीने भरत नाही आणि तिचा वेगळा विचार करावा लागतो. तुमच्या मुलीचं १.२५ किलो तीस आठवड्यांसाठी ठीक होतं, म्हणून तिच्याबाबतीत तो प्रश्न नाही. करेक्टेड ठिपकेसुद्धा लागोपाठ दोन भेटींत खाली येत असतील, लांबीनुसार वजन उणे २ च्या खाली गेलं असेल, किंवा करेक्टेड पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २० ग्रॅमपेक्षा कमी वजन वाढत असेल, तर थांबायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. डोक्याचा घेर तुम्ही लिहिलेला नाही; तो पुढच्या भेटीत नक्की मोजून घ्या आणि करेक्टेड वयावर मांडा. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो झपाट्याने वर जाणं आणि रेंगाळणं, दोन्ही तपासण्यासारखं असतं.

मापच चुकलं तर वयाचा एवढा हिशोब वाया जातो. वजन नेहमी एकाच इलेक्ट्रॉनिक काट्यावर, लंगोट काढून, दूध पाजण्याआधी. जानेवारीत थंडीमुळे स्वेटर-टोपीसह मोजलेलं वजन आणि मेमधलं उघड्या अंगाचं वजन यांची तुलना होत नाही. ओला लंगोटच शंभर-दीडशे ग्रॅमचा असू शकतो. लांबीला टेप चालत नाही. फळीवर दोघींनी मोजायचं, एकीने डोकं वरच्या पट्टीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे हळूच सरळ दाबून पावलांना सरकपट्टी लावायची. दोनदा मोजा, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. या वयात दीड सेंटिमीटरची चूक पाऊण रेषेएवढी पडते, आणि "तीव्र खुजी" हा शेरा पुष्कळदा गुडघे न दाबल्याने लागतो. बहुतेक अंगणवाड्यांत ही फळी असते. ताईंना तिच्यावर पुन्हा मोजायची विनंती करा.

पुढची वजनं महिन्यातून एकदा पुरेत, त्याहून जास्त नकोत. २० सप्टेंबरच्या आसपास वजन, लांबी, डोक्याचा घेर तिन्ही घ्या आणि उष्टावणाआधीचा ठिपका म्हणून ठळक मांडा. वरचं अन्न सुरू झाल्यावर पहिले तीन महिने वजन कुठल्या दिशेने जातं हे त्या ठिपक्याशी ताडून बघायचं आहे.